पहिला दिवस, पहिला पगार आणि मधले बारा हजार

*अकोला-अमरावतीत खासगी कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी वेळेचा, कपड्यांचा, रीतीभातीचा आणि खिशाचा हिशेब*

ऑफर लेटर हाती आले की घरात पहिली चर्चा कपड्यांची होते. काका म्हणतात ब्लेझर घे, मावसभाऊ म्हणतो बूट कंपनीचेच घे, आणि रुजू होण्याआधीच अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या जयस्तंभ चौकात चार-पाच हजार मोकळे होतात. पैशाची खरी ओढाताण पुढे असते. रुजू झाल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंतचे दिवस घरच्या पैशावर काढायचे असतात, आणि ते किती, हे बहुतेकांना पहिल्या महिन्याची तीस तारीख कोरडी गेल्यावर कळते.

हिशेब हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. अकोल्याच्या जठारपेठेत राहणारी एक मुलगी, बी.कॉम. झालेली. अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका फायनान्स कंपनीच्या विभागीय कार्यालयात तिला नोकरी लागली. पगार महिना 20,000, आठवड्याचे सहा दिवस काम, वेळ सकाळी साडेनऊ. रुजू होण्याचा दिवस सोमवार, 22 जून. खाली भाड्याचे आणि वस्तूंचे जे आकडे दिले आहेत ते अंदाजी आहेत. आपल्या गल्लीतला भाव घालून ते बदलून घ्यावेत.

आधी एक ई-मेल, चार प्रश्न

रुजू होण्याच्या आठवडाभर आधी एचआरला एक छोटा ई-मेल करावा. त्यात चारच गोष्टी विचाराव्यात: पहिल्या दिवशी किती वाजता, कुठे आणि कोणाला भेटायचे, पोशाखाचा नियम काय आणि कंपनी गणवेश किंवा टी-शर्ट देते का, कोणती कागदपत्रे, किती प्रतींत, आणि पगाराची कट-ऑफ तारीख कोणती. फोनवर विचारले तरी चालते, पण लेखी उत्तर पुढे उपयोगी पडते.

चौथा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, आणि पैशाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. बऱ्याच कंपन्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेला त्या महिन्याची पगाराची यादी बंद करतात. आपल्या उदाहरणात कट-ऑफ 20 तारखेची आहे. 22 जूनला आलेल्या मुलीचे नाव जूनच्या यादीत बसत नाही. तिचे जूनचे नऊ दिवस, म्हणजे सुमारे 6,000 रुपये, बुडत नाहीत; ते जुलैच्या पगारासोबत 31 जुलैला मिळतात. पण तोवर चाळीस दिवस गेलेले असतात. तारीख बदलून मागायची गरज नाही. चाळीस दिवसांची तजवीज घरी आधी बोलून ठेवता आली, तरी पुरे.

कागदपत्रांचा खर्च लहान दिसतो, पण तो ऐनवेळी येतो. आधार, पॅन, गुणपत्रिका, पदवी आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश यांच्या पाच संच झेरॉक्स आणि आठ फोटो मिळून दोनशे वीस रुपयांत भागते. कंपनीने करार किंवा प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर मागितले तर ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात त्यासाठी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. जुन्या 100 च्या मुद्रांकावर विसंबू नये. वैद्यकीय दाखला मागितला तर चारशेच्या आसपास धरा. हे सगळे मिळून 1,120 रुपये झाले.

मूळ प्रमाणपत्रे दाखवायची, पडताळणी झाली की परत पिशवीत ठेवायची. ‘आमच्याकडे जमा राहू द्या’ असे कोणी म्हटले तर कारण आणि पोच दोन्ही लेखी मागावे. आणि कोणी लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा ओळखपत्राचे पैसे रुजू होण्याआधी ऑनलाइन भरायला सांगितले, तर नोकरी बहुधा खोटी आहे. ई-मेलचा पत्ता कंपनीच्या नावाचा आहे की साधा जीमेलचा, ते पाहा; कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून तिकडे फोन करा. पैसे गेलेच असतील तर वाट न पाहता 1930 या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा.

साडेनऊ म्हणजे किती वाजता?

साडेनऊ म्हणजे साडेनऊला आपल्या खुर्चीत. गेटवर नव्हे, लिफ्टमध्येही नव्हे. पहिल्या दिवशी ओळखपत्र नसते, अंगठा मशीनवर चढलेला नसतो. गार्डच्या वहीत नाव लिहा, तो वर फोन लावेल, कोणीतरी खाली येईल, यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. म्हणून सव्वानऊला दारात असावे. पावणेनऊला पोहोचलात तर मात्र एचआर आलेली नसते आणि गार्डलाही तुम्हाला कुठे बसवावे ते कळत नाही. लवकर आलात तर बाहेर चहा घ्या.

अकोला-अमरावती अपडाऊन करणाऱ्यांना वेळेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एसटीने साधारण दोन तास लागतात. मूर्तिजापूरवरून जाणारा हा महामार्ग आता चांगला आहे. जून 2022 मध्ये त्यावर 75 किलोमीटर लांबीच्या एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण 105 तासांत करून गिनीज विक्रमही झाला होता. तरी रस्ता चांगला असला म्हणून फलाटावर गाडी वेळेवर लागेलच असे नाही. रेल्वेचा मासिक पास एसटीपेक्षा बराच स्वस्त पडतो, पण त्यातही दोन अडचणी आहेत. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या अमरावतीत न येता बडनेऱ्याहून पुढे जातात, आणि लांबून येणारी गाडी जितक्या दुरून सुटते तितकी तिची उशिराची शक्यता जास्त. कार्यालय बडनेरा रोडवर असेल तर बडनेरा स्टेशन सोयीचे. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत असेल तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला नागपूर महामार्गावर आहे. तिथे बडनेऱ्याहून पूर्ण अमरावती ओलांडून जावे लागते आणि ऑटोवर खर्च होतो. शिवाय साधा पास आरक्षित डब्यात चालत नाही, आणि सुपरफास्ट गाडीसाठी जादा अधिभार भरावा लागतो.

म्हणून रुजू होण्याच्या आधीच्या सोमवारी, त्याच वेळेला, एकदा जाऊन यावे. रविवारी केलेली फेरी उपयोगाची नाही, कारण रविवारी शाळा-कॉलेजची गर्दी नसते आणि गाड्यांच्या वेळाही वेगळ्या असू शकतात. या फेरीत तीन गोष्टी टिपा: घरातून किती वाजता निघालो, फलाटावर किती थांबलो, आणि उतरल्यावर कार्यालयाच्या दारापर्यंत किती मिनिटे लागली. मग पहिल्या दिवसासाठी त्याच्या आधीची एक गाडी धरा. अमरावतीत मामा-मावशी असतील तर आदल्या रात्री मुक्कामाला जाणे सर्वांत स्वस्त.

उशीर होणारच असे दिसले तर मूर्तिजापुरातूनच कळवा. ‘सर, गाडी उशिरा आहे, मी दहा वाजेपर्यंत पोहोचते’ एवढा निरोप साडेनऊच्या आधी गेला तर तो उशीर राहतो. साडेनऊनंतर गेला तर ते कारण ठरते. पुष्कळ ठिकाणी तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. 20,000 च्या पगारात अर्धा दिवस म्हणजे सुमारे 330 रुपये. सोळा दिवसांच्या चहाचे पैसे त्यात निघाले असते.

कपडे: आधी दोनच जोड घ्या

पहिल्या दिवसासाठी दोन जोड पुरे. फायनान्स, विमा आणि दुकानसाखळ्यांच्या कार्यालयांत काही आठवड्यांनी गणवेश किंवा कंपनीचा टी-शर्ट मिळतो. आधी पाच शर्ट घेतले तर चार कपाटात राहतात. गणवेशाचे पैसे पगारातून कापणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिल्या दिवशी, नियम काहीही असो, साधे आणि नीट इस्त्री केलेले घालावे. मुलांनी फिका पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गडद पॅन्ट, काळे किंवा तपकिरी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. मुलींनी कुर्ता-सलवार किंवा शर्ट-पॅन्ट, आवाज न करणारी, मागे पट्टा असलेली पादत्राणे. ब्लेझर वऱ्हाडात जूनमध्ये घालणे म्हणजे पैसे देऊन घामाघूम होणे. दोन जोड 1,800 आणि पादत्राणे 900 धरली तर 2,700 होतात. अमरावतीची सिटीलँड आणि बिझिलँड ही नावे ऐकून तिकडे धावू नका. त्या मुळात घाऊक बाजारपेठा आहेत, सुटा एक शर्ट मिळेलच याची खात्री नाही. शिवून घ्यायचे असेल तर तीन आठवडे आधी शिंप्याकडे द्या, लग्नसराईत त्याहूनही आधी.

नवे बूट घरात तीन-चार संध्याकाळी घालून फिरा. नाहीतर दुपारपर्यंत टाच सोलते आणि सगळे लक्ष तिकडे जाते. एसटीत दोन तास बसून आलेला शर्ट चुरगळतो, म्हणून सुती कापड थोडे जाडसर घ्यावे किंवा सुती-पॉलिस्टर मिश्रण चालवून घ्यावे. 22 जूनला पावसाची शक्यताही असतेच. चपला पायात आणि बूट पिशवीत, एक छोटा टॉवेल, आणि ओली छत्री ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी. कार्यालयाच्या फरशीवर ठिबकणारी छत्री घेऊन फिरणारा नवा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. आत एसी असतो. घामाने भिजून आलेल्या अंगाला तो बोचतो. हलके जॅकेट किंवा जाड ओढणी जवळ ठेवा. तोंडाला बांधलेला दुपट्टा गेटवरच सोडावा, गार्डला चेहरा दिसला पाहिजे.

पहिली मीटिंग

विभागीय कार्यालयात सोमवारी बहुधा आढावा बैठक असते, म्हणजे तुम्ही आलात त्याच दिवशी. दारात उभे राहून ‘मी आत येऊ का, की बाहेर थांबू?’ असे विचारले की कोणीतरी जागा दाखवते. टेबलाच्या टोकाच्या, पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसू नका. ती साहेबांची असते. भिंतीकडची किंवा दाराजवळची खुर्ची नव्या माणसाला सोयीची.

ओळख करून द्या म्हणतील. ती अर्ध्या मिनिटात संपवावी. उदाहरणादाखल: ‘माझं नाव अमुक. मी अकोल्याची, बी.कॉम. शिवाजी कॉलेजमधून केलं. वसुली विभागात आजपासून रुजू होतेय. बचत गटांच्या हिशेबाचं काम केलेलं आहे, ते इथे उपयोगी पडेल.’ घरी किती भावंडे, कोणाच्या ओळखीने आलात, हे सांगायची जागा ती नाही. मुख्यालयाचे लोक ऑनलाइन असतील तर बोलणे हिंदी-इंग्रजीत चालते. सगळे समजले नाही तरी चालते, पण न समजलेले शब्द वहीत लिहून ठेवावेत: एनपीए, बकेट, डीपीडी. संध्याकाळी एखाद्या सहकाऱ्याला विचारता येतात. मीटिंग चालू असताना प्रत्येक शब्द थांबवून विचारू नये. मात्र तुमच्या नावावर काम पडले आणि तारीख कळली नाही, तर तिथल्या तिथे विचारावे: ‘हे मला कधीपर्यंत द्यायचंय?’

ऑनलाइन बैठकीत माइक बंद ठेवून शिरा, आणि पडद्यावर आपले नाव नीट आहे ना ते पाहा. कॉलेजात ठेवलेले ‘किंग भाऊ’ किंवा वडिलांच्या मोबाइलचे नाव तसेच राहिलेले असते. मोबाइल सायलेंट करून खिशात ठेवावा. टेबलावर कंपन करणारा मोबाइल वाजणाऱ्याइतकाच ऐकू येतो.

कोणाला काय म्हणायचे? दोन-तीन दिवस सगळ्या वरिष्ठांना सर आणि मॅडम म्हणावे. ‘मला नावानेच हाक मार’ असे त्यांनी स्वतः सांगितले की मग नाव. ऑफिसबॉय आणि गार्डला आपल्याकडे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ चालते, आणि अरे-तुरे कोणालाच नाही. वऱ्हाडी बोलण्याची लाज बाळगायचे कारण नाही. जेवताना खुशाल ‘काहून’ म्हणा. ग्राहकाशी आणि मीटिंगमध्ये समोरच्याला समजेल अशा भाषेत बोला, एवढेच.

टेबल, प्रिंटर आणि मायक्रोवेव्ह

सामायिक जागेत आवाज, वास आणि कागद या तीन गोष्टींवरून माणसे एकमेकांवर चिडतात.

आवाजाचे सोपे. मोबाइलवरचे बोलणे जिन्यात किंवा गॅलरीत, रील बघायची तर कानात इअरफोन घालून. शेतावर हाक मारायची सवय असलेला आपला आवाज शेजारची पाच टेबले ऐकतात, हे पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. ग्राहकाला फोन लावताना मुद्दाम हळू बोलून पाहा.

वासाची गोष्ट डब्याची. टेबलावर जेवू नये, पँट्रीत जावे. भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत खुशाल न्या. पण ठेचा मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका. मिरचीची वाफ एसीच्या हवेत मिसळते आणि पाच मिनिटांत सगळा मजला ठसकतो. ठेचा वेगळ्या डबीत, थंडच ठेवावा. बाकीचे झाकून गरम करा, उडालेले शिंतोडे पुसा, कप धुऊन जागेवर ठेवा. फ्रीजमधली बाटली कोणाची, ते विचारल्याशिवाय उचलू नका.

कागदाची गोष्ट मात्र नोकरीवर येऊ शकते. फायनान्सच्या कार्यालयात प्रिंटरवर निघालेला कागद बहुधा कोणाचे तरी आधार, पॅन किंवा कर्जाचा उतारा असतो. प्रिंट दिली की उठून लगेच घ्यायची. चुकून जास्त निघालेली प्रत पाठकोरा कागद म्हणून वापरायची नाही, ती फाडायच्या यंत्रात टाकायची. स्वतःचे फॉर्म, बहिणीचे अर्ज तिथे छापायचे नाहीत. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणे एकत्र दाबली की पडदा कुलूपबंद होतो. पाणी प्यायला गेलात तरी ते करा.

पहिल्या आठवड्यात एक अडचण हमखास येते. तुमचा लॉगिन तयार झालेला नसतो आणि शेजारचा दादा म्हणतो, ‘माझ्या आयडीवर कर ना, काय होतंय.’ किंवा पुढे तोच तुमचा पासवर्ड मागतो. दोन्हींना नम्रपणे नाही म्हणा. त्या आयडीवर झालेली प्रत्येक नोंद, प्रत्येक पावती त्या माणसाच्या नावावर चढते. रक्कम चुकली तर चौकशी आयडीच्या मालकाची होते. ‘दादा, माझा आयडी आला की करते, तोवर कागदावर तयार करून ठेवते’ असे म्हटले की वाईट दिसत नाही आणि कामही अडत नाही.

वर्गणीचेही सांगून ठेवू. पहिल्या दिवशी पेढे न्यायची अपेक्षा कोणी ठेवत नाही. पहिल्या पगाराला मात्र ठेवतात. चहाची पाळी असेल तर आपला वाटा विचारून घ्या. वाढदिवसाच्या केकसाठी शंभर मागितले आणि खिशात नसतील तर ‘पगार झाल्यावर देते’ हे उत्तर सगळ्यांनी एकदा तरी दिलेले असते.

आता बेरीज

अकोला-अमरावती एसटीचे एकेरी भाडे 170 धरले तर महिलांना अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन 170 लागतात. ऑटोचे 40. म्हणजे दिवसाला 210. सण-सुट्या सोडून 22 जून ते 31 जुलै कामाचे दिवस 35 भरतात.

- कागदपत्रे, मुद्रांक, दाखला: 1,120
- कपडे आणि पादत्राणे: 2,700
- आधीची चाचणी फेरी: 210
- पस्तीस दिवसांचा प्रवास: 7,350
- चहा, दिवसाला 20 प्रमाणे: 700

एकूण 12,080. डबा घरचा धरला आहे. तोच मुलगा असता तर पूर्ण तिकिटामुळे दिवसाचे 380 लागतात आणि बेरीज 18,200 वर जाते. त्याला एसटीने अपडाऊन परवडत नाही: रोज एसटीचा महिना साडेआठ हजारांच्या वर जातो, तर अमरावतीत कॉट बेसिसवर 2,500 आणि मेसचे 3,000 धरले तरी साडेपाच हजारांत राहणे होते, अनामत वेगळी. मुलीच्या बाबतीत दोन्ही खर्च जवळपास सारखे पडतात. तिथे प्रश्न पैशाचा राहत नाही, रोजच्या चार तासांचा राहतो. रेल्वेच्या वेळा जुळत असतील तर दोघांसाठीही पासच सर्वांत स्वस्त. एसटीच्या मासिक सवलत पासाची चौकशी आगारात करून मगच रोजची तिकिटे काढायला लागा.

पगाराची दुसरी बाजूही पाहून ठेवा. 20,000 मध्ये मूळ वेतन 10,000 असेल तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,200, आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला लागू असलेल्या राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का म्हणजे 150 कापले जातात. हातात 18,650. मुलाला व्यवसाय कराचे 200 आणखी (फेब्रुवारीत 300). महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही. ऑफर लेटरवर ‘सीटीसी’ म्हणून 22,300 लिहिले असेल तर वरचे पैसे कंपनीचा भविष्य निधीचा आणि विम्याचा वाटा आणि ग्रॅच्युइटी यांचे आहेत. ते दरमहा हातात येत नाहीत.

पैसे कमी असतील तर कशाला आधी कात्री लावायची, याचा क्रम असा. दुसरा कपड्याचा जोड पगारानंतर घ्या, असलेला धुऊन इस्त्री करून चालतो. पादत्राणे जुनीच पॉलिश करून घ्या. वैद्यकीय दाखला कंपनीने लेखी मागितल्याशिवाय काढू नका. चाचणी फेरीचे 210 मात्र वाचवायला जाऊ नका, कारण ते वाचवून पहिल्या सोमवारी लेट मार्क लागला तर तो महिना संपेपर्यंत पाठ सोडत नाही.